पाय झोपू देत नाहीत तेव्हा

झोपेच्या गोळीचं नंतर बघू. आधी मला एवढं सांग, रात्री भावोजींचे पाय दुखतात, की हलवल्याशिवाय त्यांना राहवतच नाही? तू म्हणशील, ताईला काय, उगाच शब्दांचा कीस काढते. नाही गं. इतकी वर्षं डायलिसिसच्या खोलीत काढली मी, आणि या एका प्रश्नावरून पुढचं सगळं बदलतं हे रोज पाहिलंय. एकाला जे औषध लागू पडतं, त्यानेच दुसऱ्याची रात्र आणखी बिघडते.

पेशंट स्वतःहून नीट सांगत नाहीत, कारण सांगायला शब्दच सापडत नाहीत. कुणी म्हणतं हाडाच्या आत शिवशिवतंय, कुणी म्हणतं आतून कुणीतरी ओढतंय, कुणाला किडे चालल्यासारखं वाटतं. पुरुषमाणसं तर लाजतातच. डॉक्टर विचारतात, ‘पाय दुखतात का?’ हे म्हणतात, ‘नाही, दुखत असे नाहीत.’ झालं, तिथेच विषय संपतो. म्हणून तू आज रात्री त्यांच्याजवळ बसून तीन गोष्टी विचार. आडवं झाल्यावर किंवा बराच वेळ बसल्यावरच हे सुरू होतं का? उठून चार पावलं चाललं की तेवढ्यापुरतं थांबतं का? आणि दिवेलागणीनंतरच वाढतं का? तिन्हींना ‘हो’ आलं आणि मुळात पाय हलवण्याची अनावर ओढ असेल, तर हे अस्वस्थ पायांचं दुखणं. डॉक्टर त्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. त्याला ना एक्स-रे लागतो ना मशीन, विचारूनच निदान होतं.

गोळा येणं हे वेगळं. त्याला वांब म्हण, पेटका म्हण. पोटरी अचानक आवळते, हात लावला तर टणक लागते, माणूस ओरडतो, थोड्या वेळात ती सुटते आणि दुसऱ्या दिवशी जागा ठणकत राहते. पायात आग होते, तळव्यांना मुंग्या येतात, ते दिवसाही असतं आणि चालून काही फरक पडत नाही, असं असेल तर बहुधा मधुमेहाने नसा बिघडलेल्या असतात. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासायच्या. तू जे फोनवर सांगितलंस, की हे रात्री अंगणात येरझाऱ्या घालतात आणि मंगळवारी डायलिसिसवरून येतात ते पोटऱ्या धरूनच, त्यावरून मला वाटतं भावोजींना पहिली दोन्ही दुखणी आहेत. दोन्ही एकत्र असणं तसं नेहमीचंच. पण उपाय एक नाही, म्हणून वेगवेगळं सांगते.

आधी अस्वस्थ पाय. सासूबाई म्हणतात ना, ‘हे कसलं नवीन खूळ’, त्यांना सांग की इंग्लंडमधल्या थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने सतराव्या शतकातच याचं वर्णन करून ठेवलंय, आणि 1945 साली स्वीडनच्या एकबोम यांनी त्याला आजचं नाव दिलं. मूत्रपिंड निकामी झालेल्यांत तर हे इतरांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं. डायलिसिसवरच्या साधारण चारांतल्या एकाला असतं म्हण. दुखणं वाटतं पायात, पण मूळ आहे मेंदूत. हालचालीवर ताबा ठेवणारं डोपामिन नावाचं एक रसायन आहे, ते नीट काम करायला मेंदूला लोह लागतं. मूत्रपिंडाच्या आजारात लोहाची चणचण असतेच, त्यात रक्तात साचलेली घाण, त्यात खराब झालेल्या नसा. संध्याकाळनंतर डोपामिनचा जोर आपल्या सगळ्यांचाच कमी होतो, म्हणून हे नेमकं रात्री छळतं. मूत्रपिंड बदलल्यावर पुष्कळांचे पाय काही आठवड्यांतच शांत होतात, यावरून काय ते ओळख.

आता मला खरं जे सांगायचंय ते इथे आहे. भावोजींना खाज सुटते म्हणून रात्री ते एक गोळी घेतात ना, ‘ती घेतली की जरा गुंगी येते, झोप लागते’ असं तू म्हणालीस ती? एव्हिल म्हणून घराघरांत जी असते तीच ना? तीच गोळी पायांची वैरीण असू शकते. अॅलर्जीच्या ज्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या आहेत, त्या अस्वस्थ पाय आणखी भडकवतात. डोळे मिटतात, पण पाय जागे राहतात. माणसाला वाटतं गोळी कमी पडली, म्हणून तो आणखी अर्धी घेतो. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत आणि खोकल्याच्या काही औषधांत याच जातीचं काहीतरी असतं. दुसरी गोळी उलटीची. मेटोक्लोप्रामाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन असं पाकिटावर लिहिलं असेल तर ती मेंदूतल्या डोपामिनवरच घाव घालते. मूत्रपिंडाच्या पेशंटला मळमळ होतेच, मग कुणीतरी ही लिहून देतं आणि महिनोन् महिने ती चालू राहते. तिच्याऐवजी डॉमपेरिडोन चालेल का, हे डॉक्टरांना विचार. ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण ज्यांच्या हृदयाची लय बिघडलेली असते त्यांना ते जपून द्यावं लागतं, म्हणून तुझं तू बदलू नकोस. मन उदास होतं म्हणून दिलेल्या काही गोळ्याही पायांचा त्रास वाढवतात, अमिट्रिप्टिलिनसारख्या. पण बाई, त्या एकदम बंद करायच्या नसतात, त्याने वेगळंच लचांड मागे लागतं. ज्यांनी लिहून दिल्या त्यांनाच विचारायचं.

मग खाजेचं काय, म्हणशील. खाजेचं मूळ बहुधा वाढलेल्या फॉस्फरसमध्ये, कोरड्या कातडीत आणि डायलिसिस अपुरं पडण्यात असतं. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी भावोजी जेवणाबरोबर घेतात की जेवण झाल्यावर तासाभराने? पहिल्या घासाबरोबर किंवा जेवताना घेतली तरच ती अन्नातला फॉस्फरस पकडते, एरवी पैसे पाण्यात. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधं खोबरेल किंवा वासाशिवायचं क्रीम चोळायचं. आणि एक गंमत ऐक, अस्वस्थ पायांवर जे औषध डॉक्टर आता आधी बघतात, ते गॅबापेंटिन, डायलिसिसच्या खाजेवरही चालतं. त्याचं पुढे सांगते. त्याआधी लोह.

मागच्या महिन्याचा रिपोर्ट तू मला पाठवलास. त्यात फेरिटिन 140 आहे आणि बाजूला लॅबने ‘नॉर्मल’ छापलंय. तू सुटकेचा श्वास टाकलास. लॅबची ती मर्यादा धडधाकट माणसासाठी असते. फेरिटिन म्हणजे साठवणीतलं लोह, पण अंगात कुठे सूज किंवा जंतुसंसर्ग असला की ते खोटं वाढून दिसतं, आणि डायलिसिसवरच्या माणसाच्या अंगात थोडीफार सूज कायमच असते. म्हणून दुसरा आकडा लागतो, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, आमच्याकडे त्याला टीसॅट म्हणतात. रक्तात फिरणारं, वापरायला हाताशी असलेलं लोह किती, ते त्यावरून कळतं. टीसॅट 20 टक्क्यांच्या खाली आणि फेरिटिन 200 च्या खाली असेल, तर अस्वस्थ पायांसाठी शिरेतून लोह देण्याचा विचार करावा असं झोपेच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेतही आहे. भावोजींच्या रिपोर्टात टीसॅट नाहीच. समज ते 16 निघालं, तर 140 चं ते ‘नॉर्मल’ काही कामाचं नाही.

खजूर, गूळ, बीट, डाळिंबाचा रस असलं काही त्यांच्यापुढे ठेवू नकोस. मूत्रपिंडाच्या आजारात आतड्यातून लोह शोषलंच जात नाही धड, कारण यकृतातून हेपसिडिन नावाचं एक द्रव्य जास्त येतं आणि ते दारच लावून घेतं. लोह जाणार नाही, पोटॅशियम मात्र खजुरातून भरपूर जाईल. गोळीनेही फार फरक पडत नाही. इंजेक्शन मात्र डायलिसिस चालू असतानाच त्याच नळीतून देतात, वेगळी सुई लागत नाही. ताप असेल किंवा फिस्टुला, कॅथेटर असं कुठे जंतुसंसर्ग असेल तर मात्र ते थांबवतात. तेव्हा अंग गरम असेल तर आधी सांगायचं. पायांवर परिणाम दिसायला थोडे आठवडे जातात, दुसऱ्याच दिवशी ‘काही झालं नाही’ म्हणून तोंड वाकडं करायचं नाही.

एवढं करूनही रात्र जातच नसेल तर गॅबापेंटिन. हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, आणि भावोजींना लघवी जवळजवळ होतच नाही. मग ते जाणार कुठून? मशीनच काढेल तेवढं. म्हणून डायलिसिसवरच्या माणसाला ते अगदी कमी, बहुधा 100 मिलिग्रॅमपासून, आणि डायलिसिस झाल्यानंतर देतात. शेजारच्या काकांना पाठदुखीसाठी 300 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा चालतं म्हणून आपल्याला चालेल असं नाही. जास्त झालं की कसं ओळखायचं सांगते. हातापायांना अचानक झटके येतात, हातातला कप सुटतो, चालताना तोल जातो, बोलणं जड होतं, माणूस भलतंच काही बरळतो. घरच्यांना वाटतं पक्षाघात झाला, नाहीतर वयाने होतंय. असं काही दिसलं तर पुढची गोळी द्यायची नाही आणि लगेच युनिटला फोन लावायचा. डायलिसिसने ते उतरतं. प्रीगॅबालिनचंही हेच.

रोपिनिरोल, प्रामिपेक्सोल या गोळ्याही कुणी लिहून देईल. पहिले काही महिने जादू झाल्यासारखं वाटतं. मग कधीकधी उलटतं. त्रास रात्री दहाऐवजी संध्याकाळी पाचला सुरू होतो, पायांतून हातांत चढतो, गोळी वाढवावी तसा तोही वाढतो. असं झालं तर गोळी कमी पडतेय असं नाही, गोळीनेच दुखणं चेतवलंय, आणि ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगायचं. काहींना त्यावर जुगाराचा, खरेदीचा नाद लागल्याचंही माहीत आहे. भावोजी एकदम ऑनलाइन लॉटरी घ्यायला लागले तर हसून सोडून देऊ नकोस. माझं विचारशील तर या गोळ्यांच्या वाटेला उशिरा जावं.

औषधाशिवायचं काही आहे का? आहे, आणि त्यातलं एक तुमच्या हातात आहे. भावोजींची पाळी दुपारी तीनची. सुरू होता होता साडेतीन होतात, सुटायला साडेसात. म्हणजे पाय छळण्याची वेळ आणि हात बांधून चार तास पडून राहण्याची वेळ एकच. सकाळची पाळी रिकामी होतेय का यावर नजर ठेव, टेक्निशियन दादांना सांगून ठेव. ते मिळेपर्यंत पहिल्या दोन तासांत खुर्चीवर पाय चालवायचे. काही युनिटमध्ये पलंगाला लावायचं पेडल असतं. नसेल तर घोटे वरखाली करणं, गुडघे वाकवून सोडणं, असं दहादहा मिनिटं करत राहायचं. दोन तासांनंतर नको, तेव्हा बीपी पडायला लागतं. डायलिसिसवर पाय चालवणाऱ्यांचा हा त्रास कमी होतो, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. संध्याकाळचा चहा बंद. हो, अर्धा कपसुद्धा, तसंही पाणी मोजूनच आहे. मशेरी, तंबाखू रात्री तरी नको. झोपण्याआधी पोटऱ्या चोळून देणं, गार किंवा कोमट पाण्यात पाय ठेवणं, ज्याला जे मानवेल ते. गरम पाण्याची पिशवी मात्र मधुमेह्यांच्या पायांना नको, भाजलेलं कळत नाही. आणि पाय वळवळत असताना डोकं गुंतवणारं काही केलं, पत्त्यांचा डाव मांडला, शब्दकोडं घेतलं, तर ती वेळ सोपी जाते. टीव्हीपुढे नुसतं बसलं की जात नाही.

आता गोळे. तुझ्या फोनमध्ये एक गोष्ट लपलेली होती, तुझ्या लक्षात आली नाही. गोळे मंगळवारीच येतात. गुरुवारी, शनिवारी जवळजवळ नाहीत. भावोजींचे वार मंगळ, गुरु, शनि, म्हणजे शनिवार ते मंगळवार हा मोठा खंड. त्यात वजन सगळ्यात जास्त चढतं. मागच्या मंगळवारी ते 63.6 किलो भरले. ड्राय वेट 60. म्हणजे 3.6 लिटर पाणी चार तासांत काढायचं, तासाला 900 मिलिलिटर. त्याला 60 ने भाग, किलोमागे तासाला 15 मिलिलिटर आलं. साधारण 13 च्या वर गेलं की हृदयावर ताण येतो, बीपी पडतं आणि स्नायूंना रक्त पुरत नाही. मग शेवटच्या तासात पोटरी आवळते. हेच वजन 3 किलो वाढलं असतं तर तासाला 750, म्हणजे 12.5. सहाशे ग्रॅमचाच काय तो फरक, पण पोटऱ्यांना तो कळतो. त्यात भावोजी काय करतात? ‘दादा, अर्धा तास आधी सोडा, उशीर होतो.’ साडेतीन तासांत तेच पाणी काढायचं म्हणजे 17 च्या वर. गोळा येणारच. उलट त्या दिवशी अर्धा तास जास्त बसले तर 13.3 वर येतं.

तू म्हणशील, पाणी तर मी मोजून देते. खरंय, तू तांब्या मोजतेस. पण तहान मिठामागे येते. साधारण 8 ग्रॅम मीठ अंगात गेलं की ते लिटरभर पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी माणूस कुठून ना कुठून पितोच. रविवारी काय झालं? पाहुणे आले, पापड तळले, आंब्याचं लोणचं निघालं, दुपारी फरसाण. सैंधव वापरते म्हणू नकोस, तेही मीठच. आणि ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते तर भावोजींच्या ताटात येताच कामा नये. दिवसाला एकूण सपाट चमचाभर मीठ, म्हणजे 5 ग्रॅम, त्यातच स्वयंपाकाचं आणि सगळं आलं. शनिवार ते मंगळवार या तीन दिवसांत लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेव.

वजन फार चढलेलं नसतानाही गोळे आले, घरी आल्यावर गळून गेले, उभं राहिलं की चक्कर आली, आवाज बसला, तर शंका दुसरी घ्यायची. डायलिसिस सुरू झाल्यावर हळूहळू भूक परत येते, माणूस अंगाने भरतो. भावोजी भरलेत, मला फोटोतच दिसलं. पण ड्राय वेट कागदावर तेच जुनं 60 राहिलं, तर अंगावर चढलेलं मांस मशीनला पाणी वाटतं आणि ती नको तेवढं काढते. मग ‘ड्राय वेट परत बघता का?’ एवढंच विचारायचं. अर्धा किलो वर नेऊन एकदोन आठवडे बघतात. सूज, दम, बीपी यांवर लक्ष ठेवूनच हे करतात, म्हणून घरी अंदाजाने ठरवायचं नाही. मशीनवर असताना वडापाव नको, भरपेट काहीच नको, पोटाकडे रक्त गेलं की बीपी पडतं. बीपीची गोळी त्या दिवशी डायलिसिसच्या आधी घ्यायची की नंतर, तेही विचारून घे.

खुर्चीवर गोळा आला तर सहन करत बसायचं नाही, लगेच हाक मारायची. सिस्टर पाणी काढणं थांबवते, गरज पडली तर सलाईन किंवा ग्लुकोज देते. घरी रात्री आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं स्वतःकडे ओढायची, किंवा जमत असेल तर उठून तळवा जमिनीवर टेकून उभं राहायचं. सुटेपर्यंत सोडायचं नाही. रोज झोपण्याआधी भिंतीपासून हातभर दूर उभं राहून, टाचा जमिनीला चिकटवून, हात भिंतीला लावून पुढे झुकायचं. पोटरी ताणली गेल्याचं जाणवलं की वीसेक सेकंद तसंच, असं तीनदा. रात्रीचे गोळे यानेच सगळ्यात स्वस्तात कमी होतात.

आणि हे मात्र जरा कान देऊन ऐक. पायात गोळे आले की आपल्याकडे शेजारीण काय सांगते? नारळपाणी द्या, केळं द्या, इलेक्ट्रालचं पाकीट पाण्यात घाला. मूत्रपिंड चांगलं असलेल्याला ठीक आहे. भावोजींना नाही. एका नारळाच्या पाण्यात साधारण 500 ते 750 मिलिग्रॅम पोटॅशियम, केळ्यात साडेतीनशे ते चारशे, आणि लिटरभर पाण्याच्या जलसंजीवनीच्या पाकिटात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, शिवाय ते लिटरभर पाणी. सोमवारी रात्री, म्हणजे मोठ्या खंडाच्या शेवटी, पोटॅशियम आधीच वर असतं. त्यात हे गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि तसं होताना दुखत नाही. पाय लुळे पडल्यासारखे वाटणं, छातीत धडधड, नाडी फार मंद लागणं, यांतलं काही दिसलं तर वाट न बघता तडक हॉस्पिटल. मॅग्नेशियमच्या गोळ्याही आपल्या मनाने नको, तेही साचतं. दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको. कुणी क्विनीन सुचवेल, पूर्वी देत असत. रक्तातल्या प्लेटलेट्स पडणं, हृदयाची लय बिघडणं असले धोके दिसल्यावर अमेरिकेच्या औषध खात्याने पायातल्या गोळ्यांसाठी ते वापरू नये असं बजावलंय.

मंगळवारचं गणित जमवूनही गोळे राहिले, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, व्हिटॅमिन डी, थायरॉइड हे तपासून घे आणि कोलेस्ट्रॉलची गोळी चालू आहे तेही सांग. तिच्याने स्नायू दुखतात कधीकधी.

पाय शांत झाले तरी झोप लागेलच असं नाही. आमच्या खोलीत अर्धे लोक मशीनवर चार तास गाढ झोपतात, भावोजीही त्यांतलेच. मग रात्री अकराला झोप येणार कुठून? तिथे त्यांना जागं ठेव, वाचायला दे, मोबाइलवर जुनी नाटकं लावून दे. आणखी एक विचारायचं राहिलं, ते घोरतात का? घोरता घोरता श्वास थांबून मग घुसमटल्यासारखे दचकतात का? दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर मानेकडे सरकतं, घसा आवळतो आणि झोपेत श्वास अडतो. मूत्रपिंडाच्या पेशंटमध्ये हे खूप दिसतं. अशा माणसाला झोपेची गोळी देणं धोक्याचं आहे, कारण जो दचका त्याचा श्वास परत सुरू करतो तोच ती दाबते. एका रात्री त्यांच्या झोपेचा मोबाइलवर व्हिडिओ काढ आणि डॉक्टरांना दाखव. त्यावरून झोपेची तपासणी करायची की नाही ते ठरवतील. आणि सपाट झोपवतच नाही, उशांवर उशा लागतात, बसल्यावर बरं वाटतं, असं झालं तर तो झोपेचा आजार नाही, फुप्फुसात पाणी चढतंय. तेव्हा मंगळवारची वाट बघायची नाही, मध्यरात्र असली तरी निघायचं. एकच पाय सुजला, गरम झाला, पोटरी दाबली की दुखली, तर तोही गोळा नाही, शिरेत गुठळी असू शकते. तेही लगेच दाखवायचं.

बरं, आता कामाला लाग. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या, खोकल्याची बाटली, मुलाने आणलेलं सप्लिमेंट, सासूबाईंच्या डब्यातलं चूर्ण, सगळं एका पिशवीत भर. एका कागदावर लिही, पायांचा त्रास किती वाजता सुरू होतो, चालल्यावर थांबतो का, गोळा कुठल्या वारी येतो, त्या दिवशी किती किलो वजन चढलं होतं. पिशवी आणि कागद दोन्ही मंगळवारी डॉक्टर राउंडला येतील तेव्हा त्यांच्यापुढे ठेव, नर्सजवळ निरोप ठेवून येऊ नकोस. रात्रीच्या त्या अॅलर्जीच्या गोळीचं आधी विचार. आणि या महिन्याच्या रक्ततपासणीत टीसॅट नसेल तर ते घालून घे.